झटक्यानंतर नाडी किती वाढू द्यायची?

हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला घरी सोडताना डॉक्टर हमखास सांगतात, की रोज चालत जा. किती वेगाने चालायचं, हे मात्र बहुतेक वेळा मोघमच राहतं. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि एक सोपं सूत्र हाती लागतं: २२० मधून वय वजा करा, उरलेल्या आकड्याचे ८५ टक्के काढा, तिथपर्यंत नाडी न्या. निरोगी माणसाला हे सूत्र ढोबळमानाने चालून जातं. झटका येऊन गेलेल्याला त्याचा आधार घेता येत नाही. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात, म्हणजे कार्डिॲक रिहॅबमध्ये, नाडीची जी वरची मर्यादा ठरवतात ती या सूत्रापेक्षा बरीच खाली असते. ती कशी ठरते आणि इतकी खाली का ठेवतात, हे एका उदाहरणाने पाहू.

उदाहरण: वसमतचे शेतकरी, वय ५६

समजा, वसमत तालुक्यातले एक हळद उत्पादक शेतकरी आहेत, वय ५६. पहाटे छातीत दाटून आलं, घाम फुटला, घरच्यांनी नांदेड गाठलं. तिथे बंद पडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टी करून उघडली, स्टेंट बसवला. दुसऱ्या एका वाहिनीत अर्ध्याहून अधिक अडथळा आहे, पण तो सध्या गोळ्यांवर ठेवायचं ठरलं. घरी जाताना दिलेल्या गोळ्यांमध्ये रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉलची एक आणि मेटोप्रोलॉल आहे. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी. बसल्या जागी त्यांची नाडी आता मिनिटाला ६२ आहे.

सूत्राप्रमाणे २२० वजा ५६ म्हणजे १६४ ही त्यांची कमाल नाडी, आणि तिचे ८५ टक्के म्हणजे १३९. पुढे दिसेल की या शेतकऱ्याला १३९ तर सोडाच, ११० च्या पुढे जाणंही योग्य नाही.

वयाचं सूत्र आलं कुठून

२२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झालं. सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या डॉक्टर-संशोधकांनी तोवर झालेल्या वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ ओढली. नेमकं सूत्र शोधण्यासाठी मुद्दाम आखलेला असा तो अभ्यास नव्हता. पण लक्षात ठेवायला सोपं असल्यामुळे ते व्यायामशाळांपासून तपासणीच्या यंत्रांपर्यंत सगळीकडे पोचलं.

या रेघेभोवती माणसं बरीच पसरलेली असतात. एकाच वयाच्या निरोगी लोकांची कमाल नाडी मोजली, तर सुमारे दोन तृतीयांश जण सूत्राच्या दहा-बारा ठोके अलीकडे-पलीकडे सापडतात आणि उरलेले त्याहूनही दूर. म्हणजे ५६ वर्षांच्या एका धडधाकट माणसाची कमाल नाडी १४५ असू शकते, तर दुसऱ्याची १८०. दोघांनाही सूत्र १६४ च सांगतं. झटका येण्याआधीच जो आकडा इतका सैल आहे, तो झटक्यानंतर आणखी सैल होतो. कारण सूत्राला फक्त वय ठाऊक असतं. गोळी, अरुंद वाहिनी किंवा हृदयाच्या स्नायूला झालेली इजा त्याच्या हिशेबात येतच नाही.

पहिलं कारण: गोळी नाडीला चढू देत नाही

श्रम केले की शरीरात ॲड्रेनलिन आणि त्याच्यासारखी द्रव्यं वाढतात आणि ती हृदयाला भरभर ठोके द्यायला लावतात. बीटा ब्लॉकर गोळ्या ही द्रव्यं हृदयावर जिथे काम करतात ती जागा अडवून धरतात. त्यामुळे बसल्या जागी नाडी थोडी कमी होते, आणि श्रम जितके जास्त तितका गोळीचा लगाम जास्त जाणवतो. पूर्ण ताकद लावल्यावर गाठली जाणारी नाडी वीस-तीस ठोक्यांनी, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त, खाली येते.

म्हणून अमेरिकेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये बीटा ब्लॉकर घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी वेगळं सूत्र मांडलं: १६४ मधून वयाचे ७० टक्के वजा करा. आपल्या शेतकऱ्याच्या वयाचे ७० टक्के साधारण ३९, म्हणजे कमाल नाडी १२५. नेहमीच्या सूत्राने १६४ सांगितली होती. फक्त गोळी हिशेबात घेतली, तर चाळीस ठोक्यांचा फरक पडला. हे नवं सूत्रही अंदाजच आहे, आणि त्याच्याही अलीकडे-पलीकडे माणसं पसरलेली असतात. पण जुनं सूत्र किती चुकतं, हे त्यातून दिसतं.

इथे एक धोका आहे. गोळी चालू असलेला माणूस १३९ गाठायला निघाला, तर नाडी तिथवर जाणारच नाही. म्हणून तो वेग वाढवतो, चढ शोधतो, थकवा दाबून पुढे जातो. घड्याळात आकडा ११८ च दिसतो, म्हणून त्याला वाटतं अजून जागा शिल्लक आहे. प्रत्यक्षात त्याचं हृदय आपल्या ताकदीच्या टोकाला पोचलेलं असतं.

दुसरं कारण: हृदयाला स्वतःचं रक्त कधी मिळतं

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूच्या जाड स्नायूला, रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. स्नायू आवळला जातो तेव्हा त्याच्या आतल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. तो सैल पडला की रक्त आत शिरतं.

नाडी ६० असेल तर एक ठोका एका सेकंदाचा होतो आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ विसाव्याचा असतो. म्हणजे मिनिटातले साधारण ४० सेकंद. नाडी १२० झाली की ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. आवळण्याचा वेळ फारसा आटत नाही, कात्री लागते ती विसाव्याला. आता मिनिटातले साधारण ३० सेकंदच भरणीला उरतात, आणि नेमक्या याच वेळी स्नायूचं काम आणि रक्ताची गरज वाढलेली असते. शेतीपंपाची वीज आठ तासांवरून सहा तासांवर आली आणि त्याच आठवड्यात ऊन वाढलं, तर रानाचं जे होईल तेच इथे होतं.

वाहिनी मोकळी असेल तर ती रुंदावते, प्रवाह वाढवते आणि ही तूट भरून काढते. आपल्या शेतकऱ्याच्या दुसऱ्या वाहिनीत मात्र अडथळा आहे. तिचा प्रवाह एका हद्दीपलीकडे वाढू शकत नाही. त्या हद्दीला पोचलं की त्या भागातला स्नायू रक्ताला मोताद होतो. मग ईसीजीमध्ये बदल दिसतो आणि छाती दाटते. स्नायू अशा अवस्थेत असताना ठोक्यांची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो, विशेषतः ज्या हृदयावर झटक्याचा व्रण आहे त्यात.

मर्यादा ठरते ती पट्ट्यावर

ही हद्द नेमकी कुठे आहे हे कुठलंही सूत्र सांगू शकत नाही. ती तपासावी लागते. झटक्यानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर, सरकत्या पट्ट्यावर चालवून टीएमटी करतात. छातीला ईसीजीच्या तारा, दंडाला बीपीचा पट्टा, आणि दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग व चढ वाढतो. पुनर्वसनासाठी ही तपासणी करायची तर रोजच्या गोळ्या घेऊनच करावी लागते, कारण पुढे चालायचं आहे ते गोळी घेऊनच. रोगनिदानासाठी टीएमटी करताना कधीकधी बीटा ब्लॉकर मुद्दाम थांबवतात. त्या तपासणीतला नाडीचा आकडा व्यायामाची मर्यादा ठरवायला उपयोगी नाही.

समजा, पट्ट्यावर आपल्या शेतकऱ्याची नाडी ६२ वरून चढत ११६ ला गेली आणि ईसीजीतल्या एसटी नावाच्या भागाची रेघ एक मिलिमीटर खाली बसली. नाडी १२२ ला गेल्यावर छातीत दाटलं आणि तपासणी थांबवली. त्यांच्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे ११६, कारण तिथे हृदयाने पहिल्यांदा तक्रार केली. पुनर्वसनाचा नियम असा की या आकड्याच्या किमान दहा ठोके खाली थांबायचं. म्हणून वरची मर्यादा झाली १०६.

दहा ठोक्यांचं हे अंतर का? कारण ही हद्द रोज तंतोतंत तिथेच राहत नाही. कडाक्याची थंडी, भरपेट जेवण, रात्रीचं जागरण किंवा मनावरचा ताण यांमुळे ती थोडी खाली सरकते. शिवाय मनगटावर नाडी मोजताना दोन-चार ठोक्यांची चूक होते.

खालची मर्यादाही लागते, नाहीतर व्यायामाचा उपयोग होत नाही. त्यासाठी फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये वापरलेली रीत चालते. तपासणीत गाठलेल्या कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची: १२२ वजा ६२ म्हणजे ६०. या ६० चे ४० टक्के, म्हणजे २४, विश्रांतीच्या नाडीत मिळवले की ८६ येतात. तेच ८० टक्के घेतले तर ११० येतात, पण वरची मर्यादा आधीच १०६ ठरली आहे, म्हणून तीच लागू. आपल्या शेतकऱ्याने नाडी ८६ ते १०६ च्या दरम्यान ठेवून चालायचं. १०६ ही न ओलांडण्याची रेघ आहे. रोज तिथवर पोचलंच पाहिजे असं अजिबात नाही.

रिपोर्टवरचा ८५ टक्क्यांचा आकडा

टीएमटीच्या रिपोर्टवर ‘टार्गेट हार्ट रेट’ असा एक रकाना असतो आणि त्यात वयाच्या सूत्राचे ८५ टक्के छापलेले असतात. आपल्या उदाहरणात तिथे १३९ दिसेल. पुष्कळ रुग्ण हाच आकडा व्यायामाचं लक्ष्य समजतात. तो तसा नाही. हृदयावर पुरेसा ताण देऊन तपासणी झाली की नाही, हे तपासणाऱ्याला कळावं म्हणून तो छापलेला असतो. आपल्या कामाचा आकडा रिपोर्टच्या आत असतो: एसटीची रेघ कितव्या नाडीला खाली गेली, किंवा छातीत दाटलं तेव्हा नाडी किती होती. तोच डॉक्टरांना विचारायचा.

तपासणी झालीच नसेल तर

रिहॅबची केंद्रं मोठ्या शहरांत आहेत. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा भागातल्या अनेक रुग्णांची झटक्यानंतर टीएमटी होतच नाही. अशा वेळी मर्यादा आणखी खाली ठेवतात, आणि तेच शहाणपणाचं आहे. रुग्णालयात असताना विश्रांतीच्या नाडीपेक्षा २० ठोके वर किंवा १२०, यांतलं जे कमी असेल ते. घरी आल्यावर सुरुवातीला तेच २० ठोके, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू ३०. आपल्या शेतकऱ्यासाठी हे ८२ ते ९२ होतात.

जोडीला श्रमाची जाणीव पाहायची. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अंकांची मोजपट्टी तयार केली: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे जीव तोडून. रिहॅबमध्ये सुरुवातीला ११ ते १३, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे जड’ इतपत श्रम करतात. गावाकडे याची सोपी खूण म्हणजे सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दर तीन-चार शब्दांनी दम घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला.

यंत्रांशिवाय पुनर्वसन करता येईल का, हा प्रश्न घेऊन भारतातल्या २४ केंद्रांवर योग-केअर नावाचा अभ्यास झाला. त्यात ३,९५९ रुग्ण होते आणि निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाधारित पुनर्वसन घेतलेल्यांची प्रकृतीची स्वतःची जाणीव सुधारली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मृत्यू आणि पुन्हा झटका यांसारख्या गंभीर घटनांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. सावकाश आसनं आणि श्वसनात नाडी सहसा मर्यादेच्या बरीच खाली राहते, म्हणून तपासणी न झालेल्यांनाही डॉक्टरांना विचारून हा मार्ग धरता येतो.

नाडी मोजायची कशी

तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवायचं. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची नाडी त्यात मिसळते. चालता चालता थांबलात की लगेच मोजायला लागा, कारण थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते आणि मिनिटभराने मोजलेला आकडा खोटा दिलासा देतो. १५ सेकंदांत किती ठोके ते मोजून चारने गुणा. रोज गुणाकार करायचा नसेल तर एकच आकडा पाठ ठेवा: १०६ च्या मर्यादेसाठी १५ सेकंदांत २६. त्याहून जास्त भरले तर वेग कमी करायचा.

मनगटी घड्याळ वापरायला हरकत नाही, पण घामाने किंवा सैल पट्ट्याने ते चुकतं. आठवड्यातून एकदा बोटांनी मोजून ताडून पाहावं. ठोके अनियमित पडत असतील तर १५ सेकंदांचा हिशेब चालत नाही. पूर्ण मिनिट मोजायचं आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची.

सुरुवातीची पाच-दहा मिनिटं रमतगमत चालून मगच वेग धरायचा. थंड शरीराने एकदम जोर लावला तर हृदयाची तक्रार नेहमीपेक्षा कमी नाडीवरच सुरू होऊ शकते. शेवटीही एकदम थांबायचं नाही, कारण रक्त पायांत साठून बीपी घसरतं आणि चक्कर येते.

नाडी ठीक, तरी धोका: वजन उचलणं

नाडीची मर्यादा चालण्यासाठी चांगली असते, शेतातल्या सगळ्या कामांसाठी नाही. हृदयाच्या स्नायूवर पडणारा भार मोजायची एक ढोबळ रीत म्हणजे नाडी गुणिले वरचं बीपी. समजा, पट्ट्यावर नाडी ११६ असताना बीपी १६० होतं. गुणाकार आला १८,५६०. आता तेच शेतकरी भरलेला फवारणी पंप पाठीवर घेऊन दांडा मारताहेत. नाडी १०० च आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. पण पाठीवर ओझं, आवळलेले हात आणि रोखलेला श्वास यांमुळे बीपी १९० झालं, तर गुणाकार होतो १९,०००. म्हणजे ज्या भाराला हृदयाने तक्रार केली होती त्याच्याही पुढे ते गेले, आणि नाडीने काहीच सांगितलं नाही.

म्हणून पंप, हळदीची पोती आणि कुदळीने खणणं या कामांची परवानगी चालण्यापेक्षा वेगळी आणि उशिरा मिळते. हळद शिजवतानाची धगही यातच मोडते. उष्णतेत शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, आणि त्याच कामाला नाडी जास्त चढते. एप्रिल-मे मध्ये चालणं पहाटेच उरकावं आणि उन्हाळ्यात मर्यादा तीच ठेवून वेग कमी करावा.

गोळी चुकली की आकडा रद्द

१०६ हा आकडा ठरावीक गोळीच्या ठरावीक डोसवर काढलेला आहे. गोळ्या संपल्या आणि तालुक्याला जाणं चार दिवस लांबलं, तर नाडी नुसती जुन्या पातळीवर येत नाही, काही दिवस त्याहूनही वर उसळू शकते. बीपीही वाढतं. तेव्हा त्याच नाडीला हृदयावर आधीपेक्षा जास्त भार असतो, म्हणून १०६ च्या आत राहूनही छाती दाटू शकते. गोळी घेतलेली नसेल त्या दिवशी व्यायाम नको, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करणं तर मुळीच नको. डॉक्टरांनी डोस बदलला, तर नवी मर्यादा विचारून घ्यायची.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात ओढ, भोवळ, किंवा अचानक धडधड जाणवली, तर आकडा काहीही असो, तिथेच बसायचं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला म्हणून दिलेली वेगळी गोळी घ्यायची आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करायचा. मधुमेह असलेल्यांना छातीतलं दुखणं जाणवतच नाही असं पुष्कळदा होतं. त्यांच्यासाठी ईसीजीवरून काढलेली मर्यादा हाच खरा इशारा.

बारा आठवड्यांनी काय बदलतं

नियमित चालणाऱ्यांना वाटतं की आता मर्यादा वाढेल. हृदयाची तक्रार साधारण त्याच भाराला सुरू होते, त्यामुळे नाडीचा आकडा बहुधा फारसा हलत नाही. बदलतं ते त्या आकड्याच्या आत होणारं काम. पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात, म्हणून तेच अंतर कमी नाडीत कापलं जातं. पहिल्या महिन्यात ज्या वेगाला नाडी १०४ होत होती, तिसऱ्या महिन्यात त्याच वेगाला ती ९४ राहील. म्हणजे १०६ च्या आत राहूनच आता जास्त वेगाने चालता येतं. प्रगती मोजायची ती अशी.

बारा आठवड्यांच्या सुमारास, किंवा गोळी बदलल्यावर, पुन्हा टीएमटी करून आकडे नव्याने काढावेत. तोवर फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: विश्रांतीची नाडी, व्यायामाची वरची मर्यादा, ती तपासणीवरून काढली की अंदाजाने, आणि त्या वेळी चालू असलेल्या बीटा ब्लॉकरचं नाव व डोस. वयाचा आकडा त्यात लिहिला नाही तरी काही बिघडत नाही.